पहिले उत्तर आणि पहिला हप्ता

नव्या गिऱ्हाइकाच्या पहिल्या पत्रात कामाचे वर्णन उत्साहाने आणि विस्ताराने केलेले असते, आणि पैशाचा उल्लेख बहुधा शेवटच्या ओळीत, तोही दिलाशाच्या स्वरूपात येतो. तासगावच्या एका बेदाणा-शीतगृहाच्या मालकांनी नाशिकच्या एका स्वतंत्रपणे काम करणाऱ्या सॉफ्टवेअरकाराला असेच पत्र पाठविले आहे, असे आपण समजू. शेतकऱ्यांनी आणलेल्या पेट्यांची आवक, प्रत्येक मालाला द्यावयाचा लॉट नंबर, तो कोणत्या चेंबरमध्ये ठेवला याची नोंद, महिनेवारी भाड्याची आकारणी आणि सौदा झाल्यावर होणारी जावक, हे सारे आजवर जाडजूड रजिस्टरांत चालत आले असून येत्या हंगामापूर्वी ते संगणकावर यावे, अशी त्यांची इच्छा आहे. नाशिककराने दूरध्वनीवरून सविस्तर चौकशी करून बारा आठवड्यांची मुदत आणि 2,40,000 रुपयांचा मोबदला सांगितला, तेव्हा मालक म्हणाले, "साहेब, रकमेबद्दल तक्रार नाही. तुम्ही कामाला लागा, पैशाची काळजी करू नका. हवे तर दहा टक्के आता घ्या, बाकीचे काम पूर्ण झाल्यावर एकरकमी देतो."

या बोलण्यात लबाडी असतेच असे नाही. ज्यांचा सारा व्यवहार मुदतीवर चालतो, माल आधी आणि पैसा मागून ही ज्यांची रोजची रीत आहे, त्यांना हे म्हणणे सरळ वाटते. आणि अनोळखी माणसाच्या हाती मोठी रक्कम देण्याचा संकोच तर कोणाही शहाण्या माणसाला वाटावा असाच आहे. म्हणून या प्रस्तावाला उत्तर देताना विश्वासाचा विषय काढणे, आपली सचोटी सांगणे किंवा पूर्वी एकाने कसे बुडविले याची कहाणी ऐकविणे, हे तिन्ही मार्ग निरुपयोगी होत. उत्तर हिशेबानेच द्यावे लागते, आणि तो हिशेब एका प्रश्नाभोवती फिरतो : बारा आठवड्यांतील कोणत्याही दिवशी काम थांबले, तर कोणाचे कोणाकडे किती येणे निघेल?

नाशिककराच्या कामाची किंमत आठवड्याला 20,000 रुपये धरली, तर मालकांच्या प्रस्तावाप्रमाणे 24,000 रुपये हाती घेऊन तो कामाला लागतो, दुसऱ्या आठवड्याच्या प्रारंभीच ती रक्कम संपते, आणि तेथून पुढे दर आठवड्याला त्याचे येणे वीस हजारांनी वाढत जाऊन काम सुपूर्द करण्याच्या दिवशी 2,16,000 रुपयांवर पोहोचते. ज्या दिवशी त्याचे येणे सर्वाधिक असते, नेमक्या त्याच दिवशी त्याच्या हातातील काम मालकांच्या स्वाधीन झालेले असते. घासाघीस करावयाची झाल्यास त्याच्या बाजूने इतका दुर्बळ क्षण दुसरा नाही.

यावर 'निम्मे आधी, निम्मे नंतर' ही तोडगा म्हणून सर्वत्र रूढ झालेली अट ऐकावयास न्याय्य वाटते, परंतु बारा आठवड्यांच्या कामाला ती लावून पाहिली म्हणजे तिचे स्वरूप उघड होते. पहिल्या दिवशी मालकांचे 1,20,000 रुपये एका अपरिचित माणसाकडे अडकलेले असतात आणि शेवटच्या दिवशी तितकीच रक्कम त्या माणसाची मालकांकडे अडकलेली असते. म्हणजे येथे जोखीम मुळीच कमी होत नाही, ती फक्त पाळीपाळीने वाटून घेतली जाते. दोन आठवड्यांच्या, वीस-पंचवीस हजारांच्या कामाला ही अट पुरेशी आहे, कारण तेथे एवढ्यासाठी अधिक लेखनप्रपंच करण्याचे प्रयोजन नसते. मोठ्या कामाला ती लावणे हे माझ्या मते आळसाचे लक्षण आहे.

नाशिककराने पहिल्या उत्तरात मांडलेली वाटणी चार हप्त्यांची होती. करारनाम्यावर सही होताच 72,000, म्हणजे तीस टक्के. पाचव्या आठवड्याच्या अखेरीस, आवक आणि पावत्यांचा भाग चालू करून दाखविल्यावर आणखी 72,000. नवव्या आठवड्याच्या अखेरीस, भाडे आणि जावक यांचा भाग दाखविल्यावर 60,000. आणि बाराव्या आठवड्यात सॉफ्टवेअर बसवून कारकुनांना शिकविल्यावर उरलेले 36,000. पाचव्या आठवड्याच्या शेवटी त्याने एक लाखाचे काम केलेले असेल आणि 72,000 मिळालेले असतील, म्हणजे येणे 28,000. नवव्याच्या शेवटी 36,000 आणि बाराव्याच्या शेवटीही 36,000. मालकांच्या बाजूने पाहता पहिल्या दिवशी त्यांचे 72,000 बाहेर असतील, पाचव्या आठवड्यातील हप्ता दिल्यावर 44,000 आणि नवव्यातील हप्त्यानंतर 24,000. दोहोंपैकी कोणाचेही येणे कोणत्याही दिवशी एकूण रकमेच्या तिसऱ्या हिश्शाइतके होत नाही, आणि जसजशी ओळख वाढते तसतशी मालकांची जोखीम उतरत जाते. हा तक्ता उत्तरासोबत जसाच्या तसा पाठवावा, कारण तो पाहून मालकांना आपला स्वार्थ आणि समोरच्याचा स्वार्थ एकाच कागदावर दिसतो. तीस टक्के हा आकडा मनमानी नाही, हे सांगण्यासाठी आणखी एक आधार उपयोगी पडतो : पुरवठ्यापूर्वी किंवा सेवेपूर्वी रक्कम न देण्याबद्दल काटेकोर असलेल्या केंद्र सरकारच्या 2017 च्या सामान्य वित्तीय नियमांतही विशिष्ट प्रकारच्या कंत्राटांत खासगी कंत्राटदाराला कंत्राटाच्या तीस टक्क्यांपर्यंत आगाऊ रक्कम देण्याची मुभा ठेवलेली आहे.

हप्त्यांच्या रकमा ठरविणे हा या कामाचा सोपा भाग आहे. खरी कसोटी लागते ती कोणत्या घटनेला हप्ता बांधावा, हे शब्दांत उतरविताना. 'सॉफ्टवेअरचा पहिला भाग पूर्ण झाल्यावर' असे लिहिले, तर तो पूर्ण झाला हे कोणी ठरवावयाचे, हा वाद त्या वाक्याच्या पोटातच बसलेला असतो. 'मालकांचे समाधान झाल्यावर' असे लिहिले, तर वादालाही जागा उरत नाही, कारण समाधान ही गोष्ट कोणत्याही पुराव्याने सिद्ध करता येत नाही. आणि 'हंगाम सुरू झाल्यावर' असे लिहिले, तर सॉफ्टवेअरकाराचा मोबदला द्राक्षे, ऊन आणि अवकाळी पाऊस यांच्या हवाली केल्यासारखे होते. घटना अशी हवी की ती घडवून आणणे काम करणाऱ्याच्या हाती असावे आणि ती घडली की नाही हे पाहण्यास पैसे देणाऱ्याला तज्ज्ञाची गरज पडू नये. नाशिककराने आपल्या पहिल्या टप्प्याचे वर्णन असे केले : "गेल्या हंगामातील आपण निवडून दिलेल्या 50 आवक पावत्या आपल्या कारकुनाने आपल्याच संगणकावर नोंदवाव्यात, प्रत्येक पावतीवरील शेतकऱ्याचे नाव, पेट्यांची संख्या, लॉट नंबर आणि चेंबर छापील पावतीवर जुन्या रजिस्टराप्रमाणे उतरले, म्हणजे हा टप्पा पुरा झाला असे समजावे." पावत्या निवडणारे मालक, नोंदविणारा त्यांचा कारकून, ताडून पाहावयाचे त्यांचेच रजिस्टर, एवढे झाल्यावर काम झाले नाही असे म्हणण्यास फारसे कारण उरत नाही, आणि खरोखर चूक निघाली तर ती कोणत्या पावतीत आहे हे दोघांनाही त्याच क्षणी कळते.

परंतु मालकांनी त्या पन्नास पावत्या दिल्याच नाहीत तर? हा प्रसंग वाटतो तितका दुर्मीळ नाही. किंबहुना माझ्या समजुतीप्रमाणे हप्ते रखडण्याचे सर्वांत सामान्य कारण पैसे देण्याची अनिच्छा हे नसून गिऱ्हाइकाच्या बाजूची दिरंगाई हेच असते. रजिस्टर भाच्याकडे आहे, भाड्याचे दर अजून ठरावयाचे आहेत, कारकून लग्नाला गेला आहे. या प्रत्येक कारणात तथ्य असते आणि प्रत्येकाने टप्पा पंधरा दिवस पुढे जातो. म्हणून प्रत्येक टप्प्याला दोन वाक्ये जोडावी लागतात. पहिले असे की, काम दाखविण्यास तयार असल्याचे लेखी कळविल्यापासून दहा दिवसांत लेखी हरकत आली नाही, तर टप्पा मान्य झाला असे धरले जाईल. दुसरे असे की, मालकांकडून यावयाची माहिती ठरल्या तारखेनंतर तीस दिवसांहून अधिक काळ आली नाही, तर त्या दिवसापर्यंत झालेल्या कामाचा हिशेब आठवड्याच्या दराने करून ती रक्कम देय होईल. पहिल्या वाक्यात कठोर असे काही नाही. सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांच्या विकासाचा जो 2006 चा कायदा आहे, त्यातही सेवा दिल्यापासून पंधरा दिवसांत लेखी आक्षेप न घेतल्यास ती स्वीकारली असे मानण्याची तरतूद आहेच.

त्या कायद्याचा उल्लेख निघालाच आहे, तर त्याचे बळ आणि मर्यादा दोन्ही सांगणे इष्ट. सूक्ष्म किंवा लघु उद्योग म्हणून उद्यम नोंदणी केलेल्या पुरवठादाराला लेखी करारात ठरलेल्या मुदतीत पैसे मिळाले पाहिजेत, ती मुदत कोणत्याही परिस्थितीत 45 दिवसांहून अधिक ठेवता येत नाही, करारच नसेल तर ती 15 दिवसांची धरली जाते, आणि उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँकदराच्या तिप्पट दराने महिनेवारी चक्रवाढ व्याज लागू होते. शिवाय 1 एप्रिल 2024 पासून लागू झालेल्या प्राप्तिकराच्या तरतुदीमुळे मुदतीत न दिलेली अशी रक्कम प्रत्यक्ष दिली जाईपर्यंत गिऱ्हाइकाला आपल्या खर्चात धरता येत नाही, आणि व्याजाच्या धमकीपेक्षा या तरतुदीचा धाक हिशेबनिसांना अधिक वाटतो. मात्र हे सारे संरक्षण सेवा दिल्यानंतर सुरू होते. अर्धवट राहिलेल्या, कोणत्याही टप्प्यात न मोजलेल्या कामाला त्याचा हात सहजी पोहोचत नाही, आणि म्हणूनच कायदा जाणणाऱ्यानेही बारा आठवड्यांचे काम एकाच सुपूर्दीवर ठेवू नये.

नाशिककराचे हे उत्तर वाचून मालकांचा फोन आला. हप्त्यांची पद्धत त्यांना पटली होती, पन्नास पावत्यांची कल्पना तर विशेष आवडली होती. परंतु, "न पाहिलेल्या माणसाला बहात्तर हजार द्यायला मन धजत नाही, तुम्हीच काही मार्ग काढा," असे ते म्हणाले. येथे पुष्कळ लोक दोनपैकी एक चूक करतात. काहीजण तीस टक्क्यांचे वीस आणि विसाचे पंधरा करीत खाली उतरतात, आणि प्रत्येक पायरीला पहिला आकडा फुगवून सांगितला होता अशी शंका गिऱ्हाइकाच्या मनात उत्पन्न करतात. तर काहीजण एकूण मोबदल्यातच सूट देऊ करतात, जिची मागणी कोणी केलेलीच नव्हती. मालकांची अडचण रकमेच्या प्रमाणाची नसून एवढीच होती की, काहीही न पाहता मोठी रक्कम द्यावी लागत होती. तेव्हा बदलावयाचे ते पहिल्या टप्प्याचे आकारमान.

दुसऱ्या उत्तरातील मुख्य मजकूर असा होता : "आपला संकोच रास्त आहे. यास्तव पहिले दोन आठवडे मी स्वतंत्र काम म्हणून घेतो. त्यात मी तासगावला येऊन दोन दिवस आपल्या कचेरीत बसेन, रजिस्टरे पाहीन, आणि आवकेपासून जावकेपर्यंत कोणती नोंद कोण, केव्हा, कशी करतो, भाडे कसे आकारले जाते आणि संगणकावर प्रत्येक पानाचे स्वरूप कसे असेल, याचा लेखी आराखडा आपणांस देईन. त्याचा मोबदला 40,000 रुपये. निम्मे येण्यापूर्वी, निम्मे आराखडा हाती पडल्यावर. आराखडा आपल्या मालकीचा राहील. तो घेऊन आपण दुसऱ्या कोणाकडून काम करवून घेतल्यास माझी हरकत असणार नाही. पुढील काम माझ्याकडेच द्यावयाचे ठरल्यास उरलेल्या 2,00,000 रुपयांपैकी 50,000 त्या वेळी आगाऊ द्यावेत."

या मांडणीचा हिशेब पाहण्यासारखा आहे. एकूण मोबदला एका रुपयानेही उतरलेला नाही. परंतु अपरिचित माणसाच्या हाती मालकांना प्रथम द्यावयाची रक्कम 72,000 वरून 20,000 वर आली, म्हणजे ते स्वतः होऊन देऊ करीत असलेल्या दहा टक्क्यांहूनही ती कमी आहे. नाशिककराचे या दोन आठवड्यांतील येणे अधिकात अधिक 20,000 रुपये. पुढे बांधणीसाठी पन्नास हजार देण्याची वेळ येईल, तेव्हा मालकांनी त्याला पाहिलेले असेल, त्याचा आराखडा वाचलेला असेल. नंतरचे हप्ते पाचव्या, नवव्या आणि बाराव्या आठवड्याला अनुक्रमे 60,000, 55,000 आणि 35,000 असे ठेवले, तर त्याचे येणे त्या त्या वेळी 10,000, 30,000 आणि 35,000 इतकेच राहते. आणखी एक लाभ असा की, दोन दिवस कचेरीत बसल्यावर कामाचा पसारा सांगितल्याहून मोठा निघाला, तर बांधणीचा करार होण्यापूर्वीच तो आकडा दुरुस्त करता येतो. येथे गिऱ्हाइकाची परीक्षाही आपोआप होते. जो वीस हजार देण्यासही तयार नाही आणि 'आधी थोडे करून दाखवा' असे म्हणत राहतो, त्याची हरकत आगाऊ रकमेला नसून पैसे देण्यालाच आहे, असा निष्कर्ष काढण्यास प्रत्यवाय नसावा. उलट, आकड्यावर हुज्जत घालणारा परंतु ठरलेले लिहून देण्यास न कचरणारा माणूस हा चांगला गिऱ्हाईक ठरण्याचा संभव पुष्कळ असतो.

रक्कम ठरल्यावर तिचे स्वरूपही लिहून ठेवावे लागते. इसार म्हणून दिलेली रक्कम देणाऱ्याने करार मोडल्यास जप्त होऊ शकते. निव्वळ आगाऊ दिलेली रक्कम मात्र किमतीचा एक भाग मानली जाते आणि काम न झाल्यास परत करावी लागते. हा भेद घर-जमिनीच्या व्यवहारांत न्यायालयांनी वारंवार स्पष्ट केलेला आहे. 'आगाऊ रक्कम परत मिळणार नाही' असे एकच वाक्य ठोकून देणाऱ्यांना वाटते तितके ते अभेद्य नाही, कारण 1872 च्या करार कायद्याच्या 74 व्या कलमाप्रमाणे करारात काहीही रक्कम लिहिली, तरी वाजवी भरपाईच मिळते. नाशिककराने म्हणून लिहिले ते असे की, मालकांनी मध्येच काम थांबविल्यास झालेल्या आठवड्यांचा मोबदला आगाऊ रकमेतून वळता करून उरलेली रक्कम पंधरा दिवसांत परत केली जाईल, आणि त्यानेच काम सोडल्यास न दाखविलेल्या टप्प्यासाठी घेतलेली सारी रक्कम परत केली जाईल. हे दुसरे वाक्य लिहावयास हात आखडतो. पण पहिल्या वाक्यावर मालकांची सही घेणे त्यामुळेच सोपे होते.

कराचा विषय थोडक्यात. वस्तू व सेवा कराची नोंदणी असेल, तर सेवेसाठी आगाऊ रक्कम हाती येताच तिच्यावरील कर देय होतो, बीजक पुढे निघणार असले तरीही; म्हणून रकमेपुढे 'अधिक कर' हे शब्द नसतील, तर पन्नास हजारांतला कर नाशिककराच्या खिशातून जाईल. सेवांच्या बाबतीत वार्षिक उलाढाल वीस लाखांच्या आत असणाऱ्याला सर्वसाधारणपणे ही नोंदणी करावी लागत नाही. शीतगृहाकडून उगमस्थानी करकपात होणार असेल, तर तीही आगाऊ रकमेतूनच सुरू होते. कपातीचा दर कामाच्या वर्गीकरणानुसार निराळा असतो, पण तो दहा टक्के धरला तर पन्नास हजारांऐवजी पंचेचाळीस हजार जमा होतील, आणि हे आधी ठाऊक नसल्यास पहिल्याच हप्त्याला निष्कारण गैरसमज होतो. काम सुरू करण्याची तारीखही याच ठिकाणी बांधून घ्यावी. नाशिककराने ती दिनदर्शिकेतील तारीख म्हणून न देता 'रक्कम खात्यात जमा झाल्यानंतरचा सोमवार' अशी दिली. 'चेक तयार आहे, सही राहिली आहे' या निरोपावर काम सुरू करणाऱ्याने आगाऊ रकमेची अट स्वतःच रद्द केलेली असते.

उरला तो शेवटचा हप्ता, आणि वसुलीत सर्वांत अधिक अडकतो तो हाच. सॉफ्टवेअर चालू झालेले असते, बेदाण्याची आवक सुरू होऊन कचेरीत श्वास घ्यावयास फुरसत नसते, आणि 35,000 रुपयांसाठी तगादा लावणाऱ्याचा फोन मालकांना नकोसा वाटू लागतो. यावर काहीजण सॉफ्टवेअरमध्ये गुप्त कुलूप ठेवतात आणि पैसे न आल्यास ते बंद पाडतात. हा मार्ग सर्वथा त्याज्य समजावा, कारण ऐन हंगामात शेतकऱ्यांच्या मालाच्या नोंदी अडवून धरल्याने होणाऱ्या नुकसानीची जबाबदारी अडविणाऱ्यावर येऊ शकते आणि मूळ येणे बाजूला पडते. सरळ मार्ग 1957 च्या कॉपीराइट कायद्यात आहे. स्वतंत्रपणे काम करणाऱ्याने लिहिलेल्या सॉफ्टवेअरचा हक्क, करारात निराळे ठरलेले नसेल तर, प्रथमतः लिहिणाऱ्याकडे असतो आणि तो दुसऱ्याकडे जाण्यासाठी सहीचा लेख लागतो. म्हणून करारात असे लिहावे की, सॉफ्टवेअर वापरण्याची परवानगी बसविल्या दिवसापासून राहील, परंतु मूळ सोर्स कोड आणि त्याचे हक्क शेवटचा हप्ता जमा झाल्यावर लेखाने हस्तांतरित होतील. मालकांचे दैनंदिन काम त्यामुळे अडत नाही. मात्र पुढे दुसऱ्या कोणाकडून त्यात फेरफार करवून घ्यावयाचे झाल्यास तो लेख त्यांना लागतोच. नाशिककराने याच्या जोडीला शेवटच्या हप्त्याची घटनाही हंगामापासून दूर ठेवली : जानेवारीच्या अखेरीस दोन कारकुनांना तीन दिवस शिकविणे आणि त्यांनी त्याच्या मदतीवाचून एक दिवसाची आवक-जावक नोंदवून दिवसअखेरचा गोषवारा छापणे, एवढ्यावर 35,000 देय, हंगामातील अडचणींसाठी तीन महिने फोनवर विनामूल्य साहाय्य, आणि ते साहाय्य हप्ता जमा झालेल्या तारखेपासून सुरू.